ग्लुकागॉनची सुई

पहिल्या वर्षाची पोरं बायोकेमिस्ट्रीला घाबरतात, आणि त्यातल्या त्यात ग्लायकोजेनला. नांदेडला मेडिकल कॉलेजात मी हा विषय वीस-बावीस वर्षं शिकवतोय. इंग्रजी पुस्तकातली बाणांची जाळी फळ्यावर काढली की मागचे दोन बाक झोपतात, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून मी बाणबिण नंतर काढतो. आधी कणगी काढतो. ज्वारी साठवायची, शेणानं सारवलेली, आमच्या गावाकडची कणगी.

म्हणतो, बाबांनो, जेवल्यावर रक्तात जी जास्तीची साखर येते ती लिव्हर अशी साठवून ठेवतं. साखरेचे कण एकाला एक जोडून फांद्याफांद्यांची साखळी करतं, तिचं नाव ग्लायकोजेन. पोट रिकामं झालं की तीच साखळी टोकाकडून तोडायची आणि साखर रक्तात सोडायची. या कणगीवर दोन सालगडी ठेवलेत. भरणाऱ्याचं नाव ग्लायकोजेन सिंथेज, काढणाऱ्याचं फॉस्फोरिलेज. आता दोघांनी एकाच वेळी काम केलं तर काय होईल? एक ओततोय, दुसरा उपसतोय, दिवसभर घाम, आणि कणगी आहे तेवढीच. असला येडा मालक पाहिलाय का कुणी? पोरं हसतात. हसली की मी पुढं जातो.

शरीर येडं नाही. त्यानं दोघांना एकच शिक्का ठेवलाय, फॉस्फेटचा. तो काढणाऱ्यावर बसला की तो कामाला लागतो, आणि तोच शिक्का भरणाऱ्यावर बसला की तो हात झाडून बसून राहतो. एका शिक्क्यात दोन्ही कामं. शिक्का मारायचा हुकूम ग्लुकागॉनचा, उपाशी वेळेचा. घाबरल्यावर किंवा पळताना ॲड्रिनलिनचा. हुकूम पेशीच्या दारात येतो, आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या वाढतो, त्यानं एक काइनेज, म्हणजे शिक्का मारणारं एन्झाइम, जागं होतं, ते दुसऱ्याला जागं करतं, दुसरं फॉस्फोरिलेजला. आणि इन्सुलिन आलं, म्हणजे माणूस जेवला, की शिक्के पुसणारं फॉस्फेटेज कामाला लागतं. काढणारा बसतो, भरणारा उठतो. एवढं कळलं की पुस्तकातले सगळे बाण आपोआप कळतात, असं मी सांगतो, आणि ते खरं आहे.

मागच्या हिवाळ्यात मात्र हे लेक्चर मला नको होतं. सोबतच्या मॅडमना विचारलं, तुम्ही घेता का. त्या म्हणाल्या, सर, तुमची कणगी तुम्हीच काढा, मला नाही जमत. मी चिडून काहीतरी बोललो. त्यांना काय माहीत. त्या वर्षी तिसऱ्या बाकावर माझी भाची बसत होती, माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक पोरगी. आणि माझी बहीण सव्वा वर्षापूर्वी गेली होती.

बहिणीला शुगर अकराव्या वर्षी लागली. लागली म्हणजे म्हाताऱ्यांची नव्हे, लहान पोरांची, जिच्यात इन्सुलिन बनायचंच बंद होतं. मी तेव्हा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. ती घागरी घागरी पाणी प्यायची, हातापायाच्या काड्या झालेल्या, आणि गावात कुणी म्हणे बाहेरचं लागलं, कुणी म्हणे जंत झालेत. मी सुट्टीला घरी आलो, तिच्या तोंडाचा पिकल्या फळासारखा वास ओळखला आणि तसंच तिला उचलून नांदेडला आणलं. इन्सुलिन टोचायला तिला मीच शिकवलं. पहिली सुई मी स्वतःच्या मांडीत रिकामी टोचून दाखवली. ती म्हणाली, "तुला दुखलं की दादा, तोंड बघ कसं झालंय." अकरा वर्षांची पोरगी, आणि मलाच धीर देऊन राहिली होती.

ती शिकली, रेणापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण झाली. तिथल्याच एका गावात लग्न झालं. दाजी शेती करणारे. कमी बोलणारा, सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करणारा माणूस. लग्नाआधी मी त्यांना बसवून सगळं सांगितलं होतं, की रोज सुया, वेळेवर जेवण, कधी चक्कर. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला शिकवा म्हंजी झालं." मला ते तिथंच पटले. मला कायम डॉक्टरसाहेब म्हणायचे. मी कितीदा म्हटलं, दाजी, मी तुमचा मेव्हणा आहे. ऐकलं नाही.

बहिणीचं आणि माझं दरवर्षी एकच भांडण, नवरात्राचं. घट बसले की आमच्याकडे बाया नऊ दिवस उपास धरतात. ती म्हणायची मीबी धरणार. मी म्हणायचो तू धरायचा नाहीस, तुझ्या देवीला मी सांगतो. ती म्हणायची, "माझी देवी तुझी पेशंट न्हाई." शेवटी आमचा करार झाला. उपास धरायचा, पण भगर, बटाटा, राजगिरा, दूध, दोन्ही वेळेला पोटभर. गोड नसलं तरी चालेल, पण काहीतरी पिठूळ पोटात गेलं पाहिजे. दिवसाच्या सुया मोजून कमी करायच्या. आणि रात्रीची लांब चालणारी सुई, ती काही झालं तरी सोडायची नाही. हे मी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं, कारण ती सोडली तर तिचं रक्त आंबट पडून ती दोन दिवसांत दवाखान्यात गेली असती. डॉक्टरीच्या हिशेबानं यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

आणखी एक गोष्ट मी केली होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून ग्लुकागॉनची सुई मागवली होती. आपल्याकडे ती सहज मिळत नाही. एका छोट्या बाटलीत पावडर, सोबत पाणी भरलेली सिरिंज. बहीण शुद्ध हरपून पडली आणि तोंडानं साखर देता येईना, तर ही मांडीत द्यायची. मी दाजींना मोसंबीवर शिकवलं. पाणी बाटलीत सोडा, हलवा, सगळी पावडर विरघळेस्तोवर हलवा, पाणी निवळशंख दिसलं की ओढून घ्या, मांडीच्या बाहेरच्या बाजूला सरळ टोचा, तिला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, श्वासात जाईल. दहा-पंधरा मिनिटांत ती डोळे उघडेल. घाबरायचं नाही, थांबायचं. दाजींनी हे सगळं वहीच्या पानावर लिहून घेतलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

आता जे सांगतो ते नीट ऐका. दरवर्षी तोंडी परीक्षेला मी पोरांना एक प्रश्न विचारतो. कितीतरी दिवस उपाशी असलेल्या माणसाला ग्लुकागॉन दिलं तर साखर किती वाढेल? जो पोरगा फडाफडा सायक्लिक एएमपी, काइनेज, फॉस्फोरिलेज सांगत सुटतो त्याला मी मधेच थांबवतो. म्हणतो, अरे बाबा, हुकूम सुटला, शिक्के बसले, गडी कणगीत उतरला, पण कणगीत दाणाच नाही. काय काढणार, माती? वाढणार नाही, हे उत्तर. अशा माणसाला शिरेतूनच साखर द्यावी लागते. हा प्रश्न मी इतक्या वर्षांत किती पोरांना विचारला असेल आणि किती पोरांची त्यावरून खोड मोडली असेल, देव जाणे. माझ्या दाजींच्या कागदावर मात्र हे वाक्य नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. बहीण उपासाला बटाटा, भगर खातेय म्हणजे लिव्हर भरलेलंच असणार, हे मी धरून चाललो होतो.

त्या वर्षी भाची लातूरला मेडिकलच्या नीट परीक्षेच्या क्लासला होती, दुसऱ्यांदा देत होती. पहिल्यांदा थोडक्यात हुकली होती. बहिणीनं ते मनाला लावून घेतलं. आणि तिनं देवीला नवस बोलला, की पोरीचा नंबर लागू दे, मी पाचव्या माळेपासून पाण्यावर राहते. पाणी आणि बिनसाखरेचा काळा चहा, बस. दाजींना शपथ घातली, दादाला सांगायचं नाही. का नाही, ते मला ठाऊक आहे. मी तिला सोलून काढलं असतं. माझ्या तोंडाला भिऊन तिनं मला सांगितलं नाही, असं मी आता स्वतःला सांगतो.

दिवसाच्या सुया तिनं बंद केल्या. जेवणच नाही तर सुई कशाला, एवढं तिला कळत होतं. रात्रीची सुई मात्र माझ्या सांगण्याप्रमाणे घेत राहिली, नेहमीएवढीच. सकाळी बोट टोचून शुगर बघायची, नव्वद, पंच्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. तिला वाटलं, झकास चाललंय. आणि रोज पहाटे अनवाणी चालत देवीच्या दर्शनाला जायची, जाऊन येऊन दोन कोस. लिव्हरमधला साठा एखाद-दीड दिवसातच संपला असणार. चालणाऱ्या पायांच्या स्नायूंत थोडंफार ग्लायकोजेन असेलही, पण स्नायू ते रक्ताला देत नाहीत, त्यांच्याकडे शेवटची कडी सोडवणारं एन्झाइमच नाही. हेसुद्धा मी दरवर्षी शिकवतो.

आठव्या माळेला सकाळी नऊच्या सुमारास मी कॉलेजला निघायच्या तयारीत होतो. दाजींचा फोन आला. आवाज सपाट.

"डॉक्टरसाहेब, ही पडलीय. देवीहून आली, अंगणात बसली, बोलता बोलता आडवी झाली. मशीनवर आकडाच येईना, नुसतं एल-ओ दावतंय. सुई दिली म्या."

"किती वेळ झाला?"

"आठ मिन्टं."

"मग घाबरू नका. कुशीवर घातलंय ना? थांबा. येईल शुद्धीवर."

मी फोन चालूच ठेवला. पंधरा मिनिटं झाली. दाजी म्हणाले, "डोळं उघडंना." मी म्हटलं, कधी कधी वेळ लागतो, अजून थोडं थांबा. वीस झाली. मग मी त्यांची झाडाझडती घ्यायला लागलो. पावडर पूर्ण विरघळली होती का? नीट हलवली होती का? गुठळी राहिली असेल. सुई आत गेली का कातडीतच फिरली? तारीख बघा बाटलीवरची. दाजी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होते आणि दर उत्तरागणिक त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. थांबा म्हणण्यात आणि त्या माणसाच्या हातांवर संशय घेण्यात मी बत्तीस मिनिटं घालवली.

मग ते हळूच म्हणाले, "एक सांगू का, डॉक्टरसाहेब. तिनं शपथ घातलीय. पण ही पाचव्या माळेपासून पाण्यावरच हाय."

त्या क्षणी मला सगळं कळलं. सुई उत्तम लागली होती. पावडर उत्तम विरघळली होती. ग्लुकागॉन लिव्हरच्या दारात गेलं होतं, हुकूम सुटला होता, फॉस्फोरिलेजवर शिक्का बसला होता आणि ते तोडायला तयार उभं होतं. तोडायला साखळीच शिल्लक नव्हती. आणि रात्रीचं इन्सुलिन रक्तात होतंच, आहे तेवढी साखर खाली ओढत.

मी ओरडलो, "गाडी काढा. रेणापूरला न्या, शिरेतून साखर द्यायला सांगा, आत्ताच्या आत्ता."

रेणापूरचा सरकारी दवाखाना त्यांच्या गावापासून बारा मिनिटांवर आहे. बारा मिनिटं. मी ते मनात कितीदा मोजलंय. शेजाऱ्याच्या जीपनं नेलं, तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं लगेच शिरेत साखर भरली, मशीनचा आकडा दोनशेच्या घरात गेला. बहिणीनं डोळे उघडले नाहीत. तिथून लातूरला हलवलं. मी नांदेडहून पोचलो तोवर ती आयसीयूत मशीनवर होती आणि माझी भाची क्लासची सॅक पाठीवर घेऊन दाराबाहेर उभी होती. मेंदूला साखर नसेल तर तो फार वेळ तग धरत नाही. दसरा गेला. त्यानंतर सहा दिवसांनी बहीण गेली.

लातूरच्या त्या दवाखान्याच्या जिन्यावर दाजींनी मला विचारलं होतं, "डॉक्टरसाहेब, पावडर म्या नीट हालवली न्हवती का?"

भाची शेजारीच बसली होती. मला एवढंच म्हणायचं होतं, दाजी, तुम्ही काहीच चुकला नाहीत, चुकलो मी. दहा शब्दसुद्धा नाहीत. मी म्हणालो, "जाऊ द्या दाजी. आता त्याचा काय उपयोग."

माणूस किती नीच होऊ शकतो ते मला त्या जिन्यावर कळलं. मी खोटं बोललो नाही. फक्त त्यांना जे वाटत होतं ते तसंच वाटू दिलं. आणि भाचीनं ते ऐकलं. मामा बायोकेमिस्ट्रीचा प्रोफेसर, मामानं सुई आणून दिली, मामानं शिकवलं, आणि बाबांनी ती चुकवली, असं तिच्या डोक्यात बसलं. सगळे विधी आटपल्यावर ती बापाला काय काय बोलली ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. "एवढंसं काम होतं बाबा, एक बाटली हलवायचं, तेवढंबी जमलं न्हाई तुम्हाला." दाजी मान खाली घालून उभे. मी तिथंच होतो. माझ्या हातात चहाचा कप होता.

ती परत लातूरला गेली, वेड्यासारखा अभ्यास केला, आणि तिचा नंबर लागला. नांदेडला आली. सुट्टीला ती गावाकडे जायची नाही, आमच्या घरी यायची. दिवाळीसुद्धा आमच्याकडे केली. माझ्या बायकोला बरं वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचं. बहिणीची हनुवटी, बहिणीचं हसणं. दाजींचा फोन आला की ती फोन उलटा करून ठेवायची. मी म्हणायचो, "उचल गं." ती म्हणायची, "नंतर बोलते मामा." आणि मी विषय सोडून द्यायचो.

तर ते लेक्चर. मी कणगी काढली. दोन गडी काढले. पोरं हसली, ती हसली नाही, पण लिहून घेत होती. शिक्का, काइनेज, फॉस्फेटेज, सगळं झालं. मग ग्लुकागॉनच्या औषधी वापरावर आलो. म्हणालो, शुद्ध हरपलेल्या मधुमेह्याला हे मांडीत देतात, लिव्हरमधलं ग्लायकोजेन मोडतं आणि साखर वर येते. पुढचं वाक्य तोंडात आलं होतं. मी खडू ठेवला आणि म्हणालो, आज एवढंच. घड्याळात अजून अकरा मिनिटं शिल्लक होती. इतक्या वर्षांत मी कधी एक मिनिट आधी वर्ग सोडलेला नाही.

पण पुस्तक काही माझ्या बापाचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या केबिनला आली. कॉलेजात ती मला सर म्हणते. दार लोटून उभी राहिली. हातात जाडं पुस्तक, मधे बोट घातलेलं.

"सर, एक शंका होती."

"बस."

बसली नाही. "ग्लायकोजेन संपलेलं असेल तर ग्लुकागॉन काम करत नाही. इथं लिहिलंय. तुम्ही काल हे सांगितलं नाही."

"हाव. राहिलं सांगायचं."

"मागच्या बॅचची मुलं म्हणतात, हा तुमचा आवडता प्रश्न आहे. दरवर्षी विचारता."

खिडकीबाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती काही चालू होत नव्हती.

"आई पाचव्या माळेपासून पाण्यावर होती," ती म्हणाली. आणि मग सर सोडून म्हणाली, "मामा, बाबांची सुई बरोबर लागली होती ना?"

खोटं बोलायला जागा होती. म्हणता आलं असतं, दोन्ही असेल, कोण सांगू शकतं. मी म्हणालो, "बरोबर लागली होती. काही चूक नव्हती त्यांची. पंधरा मिनिटांत उठली नाही तर दवाखान्यात न्या, एवढं मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. ते मी सांगितलं नाही. वर फोनवर थांबा, थांबा म्हणत राहिलो."

तिला रडू येईल असं मला वाटलं. आलं नाही. ती म्हणाली, "मी बाबांना काय बोलले ते तुम्हाला माहितीय. तुम्ही तिथंच उभे होतात."

"हाव."

"त्यांनी ती रिकामी बाटली अजून ठेवलीय. मागं एकदा शेजारच्या काकूंनी मला फोनवर सांगितलं होतं. बसल्या बसल्या हलवून बघतात म्हणे." ती दाराकडे वळली. "त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार." आणि गेली. त्या दिवसापासून ती आमच्या घरी आलेली नाही. वर्गात असते, तिसऱ्या बाकावर. हजेरीला येस सर म्हणते.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. हरभऱ्याची काढणी चालू होती. दाजी दुपारच्या जेवणाला घरी आले होते, मला बघून उठले, हातपाय धुवायला पाणी दिलं, ओसरीवर सतरंजी टाकली. बहीण गेल्यापासून घरात एकटेच. म्हणाले, "आधी जेवण करा, डॉक्टरसाहेब." मी म्हटलं, आधी बोलतो. आणि सांगितलं. त्यांना एन्झाइमची नावं कशाला सांगू. एवढंच सांगितलं, की ती सुई साखर घालत नाही, लिव्हरमध्ये असलेली साखर मोकळी करायचा नुसता हुकूम देते. तिच्या लिव्हरात उपासानं काहीच उरलं नव्हतं. तुम्ही सुई दिली ती अगदी बरोबर दिली. उपाशी माणसाला ती लागू पडत नाही, हे मला ठाऊक होतं, आणि मी तुम्हाला शिकवलं नाही.

ते म्हणाले, "म्हंजी पावडर विरगळली व्हती."

"हाव, दाजी."

"सुई आत गेल्ती."

"हाव."

"अन् हे तुम्हाला कवा कळलं?"

वाटेत मी सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती, याचीसुद्धा. "त्याच दिवशी," मी म्हणालो. "ती पाण्यावर हाय असं तुम्ही म्हणालात, तेव्हाच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं, माझी ना नव्हती. त्यांनी विचारलं, "पोरीला सांगितलं का?"

"तिनंच ओळखलं. मी हो म्हणालो."

"तिला फोन लावा की. तुमच्या फोनवरून. माझा उचलत न्हाई ती."

मी लावला. पूर्ण वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला. उचलला नाही. दाजी थोडा वेळ माझ्या फोनकडे बघत राहिले. मग खिशातून स्वतःचा काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर लावला आणि कानाला लावला. दुसऱ्याच रिंगला तिकडून उचलला गेला.

दाजी म्हणाले, "जेवलीस का, माय?"

तिकडून काही बोलणं आलं नाही. रडणं तेवढं आलं, एवढ्या मोठ्यानं की मला दोन हातांवर बसून ऐकू आलं. दाजी "हाव, हाव, रडू नको," म्हणत राहिले आणि त्यांच्याही गालावरून पाणी खाली येत होतं. मी तिथं बसणं बरोबर नव्हतं. मी उठलो, पायरीवर जाऊन चपला घातल्या, आणि सवयीनं म्हणालो, "येतो, दाजी."

आमच्या भागात दारी आलेल्या माणसाला उपाशी जाऊ देत नाहीत. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, फोन कानाला तसाच होता. जेवून जा म्हणाले नाहीत.